पट्टी आणि बिदागी

कार्यक्रम संपला की यजमानीणबाई तबलजीच्या हातात पाकीट ठेवते आणि आम्हा बायकांच्या ओटीत ब्लाऊजपीस. नारळ, हळदीकुंकू, चहा, वर "किती छान म्हटलंत हो!" हे कौतुक. आमच्या मंडळाने अशी पुष्कळ वर्षं काढली. माझ्या कपाटात अजूनही न शिवलेल्या ब्लाऊजपिसांचा एक गठ्ठा आहे. त्यातले निम्मे कुणाच्याच साडीला जुळत नाहीत, म्हणून ते पुढच्या हळदीकुंकवाला दुसरीच्या ओटीत जातात आणि कधीकधी फिरून माझ्याच घरी येतात!

मी तासगावची. घरी पेटी आणि गाण्याचे क्लास घेते आणि आम्हा सहा जणींचं भजनी मंडळ आहे. आमच्याकडे पट्टी म्हटलं की लोकांना आधी बेदाण्याची पट्टी आठवते, म्हणजे सौद्यानंतर शेतकऱ्याला मिळणारा हिशेबाचा कागद. गाण्यातली पट्टी वेगळी. आपण ज्या स्वराला 'सा' मानून गातो ती आपली पट्टी. पण इतक्या वर्षांत मला असं दिसलंय, की बायकांच्या भजनात ह्या दोन्ही पट्ट्यांचा घोटाळा एकाच कारणाने होतो. आवाज कुठे बसतो हे आपण विचारत नाही आणि पैसे किती हेही विचारत नाही. दोन्हीकडे संकोच आडवा येतो.

आधी गाण्यातल्या पट्टीचं सांगते, कारण क्लासला येणारी प्रत्येक बाई पहिल्या दिवशी तेच रडगाणं घेऊन येते. दुपारी अडीच ते चार ही माझी बायकांची वेळ. घरातली जेवणं उरकलेली असतात, मुलं शाळेतून यायची असतात. चाळिशी, पन्नाशीच्या बायका येतात आणि सांगतात, "बाई, माझा आवाज फार खराब आहे. वर गेला की फाटतो नि खाली आला की जातोच." मी विचारते, "आधी कुठे शिकलात? 'सा' कुठला धरायचात?" बहुतेकींचं उत्तर ठरलेलं, पांढरी एक.

पांढरी एकचं काय आहे, तिथे 'सा' धरला की सारेगमचे सातही शुद्ध स्वर ओळीने पांढऱ्या पट्ट्यांवर येतात. काळीला हात लावायची गरज नाही. पेटी शिकवणाऱ्याला सोपं, शिकणाऱ्याच्या बोटांना सोपं. पण गळ्याचं काय? सर्वसाधारण बाईच्या आवाजाला मधल्या सप्तकातली पांढरी एक 'सा' म्हणून चढी पडते. अंतऱ्यात वरच्या गंधारापर्यंत जायचं झालं की मानेच्या शिरा फुगतात. बरं, एक सप्तक खाली उतरून तीच पट्टी घ्यावी, तर मुखडा नुसता पुटपुटल्यासारखा येतो. म्हणजे बाईचा आवाज खराब नसतो, तिला चुकीच्या खुर्चीत बसवलेलं असतं.

बायकांची पट्टी साधारण काळी चार किंवा काळी पाच. पुरुषांची काळी एक, काळी दोनच्या आसपास. पेटीवर काळ्या पट्ट्या दोन आणि तीन अशा गटांनी दिसतात ना, त्यातल्या दोनच्या गटातल्या त्या काळी एक आणि दोन, तिनाच्या गटातल्या तीन, चार, पाच. तिनाच्या गटातली मधली ती काळी चार. नव्या बाईला मी तिथूनच सुरुवात करून बघते. सकाळी उठल्याउठल्या कधीच नाही. आवाज तेव्हा जड असतो आणि पट्टी उगाच खाली निघते. दुपारी, पाच-दहा मिनिटं साधं बोलून, एखादं ओळखीचं गाणं गुणगुणून झालं की मग.

काळी चार धरून ठेवते आणि त्यांना आकाराने सावकाश खाली उतरायला सांगते, सा, नी, ध, प. हा खालचा पंचम म्हणजे लगेच डावीकडची काळी दोन. तो नुसता हवेसारखा येतो की ऐकू येण्याइतका लागतो, ते बघायचं. मग वर, मधलं सप्तक ओलांडून वरचा सा, रे, ग. खालचा पंचम आणि वरचा गंधार दोन्ही न ओढता लागले, तर पट्टी बरोबर. खालचा पंचम हरवला, पण वरचा पंचमसुद्धा मजेत लागला, तर काळी पाचला जायचं. वरच्या गंधाराला हनुवटी वर उचलली गेली आणि कपाळाला आठ्या पडल्या, तर पांढरी पाच किंवा काळी तीनला उतरायचं. मी कानाइतकाच डोळ्यांवर विश्वास ठेवते. हनुवटी कधी खोटं बोलत नाही.

पन्नाशीनंतर पुष्कळ बायकांची पट्टी एखाद्या स्वराने खाली येते. आमच्या मंडळातल्या आक्का अडुसष्टच्या आहेत. तरुणपणी काळी पाचला गायच्या. आता काळी तीन. त्या हे मानायला तयार नव्हत्या. पट्टी खाली आली म्हणजे कमीपणा आला असं त्यांना वाटायचं. अहो, चष्म्याचा नंबर बदलला तर आपण जुन्याच चष्म्याने वाचत बसतो का?

आता काळी चारला 'सा' धरायचा म्हणजे बोटं वेगळी बसवायला लागतात. सा काळी चार, रे काळी पाच, ग पुढची पांढरी एक, म काळी एक, प काळी दोन, ध पांढरी चार, नी पांढरी पाच. चार काळ्या आणि तीन पांढऱ्या. लिहिलेलं वाचायला अवघड वाटतं, पण महिनाभरात बोटांना सवय होते. सुरुवातीला मात्र बायका घाबरतात, म्हणून पहिला महिना मी एक युक्ती करते. 'सा' काळी तीनला धरते आणि भूप शिकवते.

भूपात मध्यम आणि निषाद नाहीत, पाचच स्वर, सा रे ग प ध. काळी तीनला सा धरला की रे येतो काळी चारवर, ग काळी पाचवर, प पुढच्या काळी एकवर आणि ध काळी दोनवर. म्हणजे नेमक्या पाच काळ्या! पांढरीला बोट लावायचंच नाही. चुकीचा स्वर लागायची भीतीच उरत नाही. पाच काळ्यांवर बोट फिरवत गेलं की भूपच वाजतो. एका वहिनींनी पहिल्याच दिवशी हे करून बघितलं आणि म्हणाल्या, "बाई, इतकी वर्षं ह्या काळ्यांना उगाच भीत होते." भूपावर आधारलेले अभंग आणि भूपाळ्या आपल्याकडे पुष्कळ आहेत, त्यामुळे महिन्याभरात एखादं ओळखीचं गाणं पेटीवर निघतं आणि घरातले लोकही कान टवकारतात.

इथवर एकटीच्या पट्टीचं झालं. मंडळाचं गणित निराळं. आमच्यात जी मुख्य गाते, ती तिशीची, काळी पाचला सहज गाणारी. मागे धृपद धरणाऱ्या आम्ही बाकीच्या पांढरी पाच, काळी तीनवाल्या. पूर्वी मुख्य गाणारी म्हणेल ती पट्टी, असा रिवाज होता. त्यात व्हायचं काय, तर तिची ओळ छान चढायची आणि मागच्या बायका धृपद धरताना हळूच एक सप्तक खाली उतरायच्या. एखाद्या मंडळाच्या भजनात पुढचा आवाज वर आणि मागचा घोळका घुमल्यासारखा खाली ऐकू आला, तर समजा, पट्टी मागच्यांना झेपत नाहीये. त्या बायका बेसूर नसतात. बिचाऱ्या जीव वाचवत असतात.

मंडळाची पट्टी मागच्यांच्या गळ्यावरून ठरवावी, हे माझं स्पष्ट मत. मुख्य गाणारीला आणखी वर जायचं असेल तर तिने आलापात जावं, तिथे तिला कोण अडवतंय? आम्ही काळी चार ठरवली आणि काही गाणी काळी तीनला. ही काळी तीन कुठून आली, त्याला कारण आमचा तबला.

तबला वाजवणारा मुलगा पूर्वी माझ्याकडेच पेटी शिकायला यायचा, नंतर तबल्याकडे वळला. त्याच्याकडे काळी एकचा तबला आहे, कारण त्याचे बाकीचे कार्यक्रम पुरुषांच्या मंडळात. नवा तबला आमच्यापुरता घ्यायची त्याची ऐपत नव्हती, आमचीही नव्हती. पण काळी चारला गाताना काळी एकचा तबला चालतो, कारण काळी एक हा काळी चारचा मध्यम. बहुतेक अभंगांत मध्यम असतोच, त्यामुळे तबल्याची आस गाण्यात मिसळून जाते. अडचण येते ती भूपाला. भूपात मध्यमच नाही. गाण्यात नसलेला स्वर तबला सारखा वाजवत राहिला तर कानाला खुपतं. ऐकणाऱ्याला कळत नाही काय खुपतंय, पण काहीतरी जुळत नाहीये एवढं कळतं.

एका वास्तुशांतीला हे नेमकं समोर आलं. यजमानांच्या आईने मध्येच भूपातल्या एका अभंगाची फर्माईश केली. दोन ओळी झाल्या आणि मुलाने वाजवता वाजवता माझ्याकडे बघितलं. त्याला तबला पंचमावर न्यायचा, तर काळी दोनपर्यंत चढवावा लागला असता. तबल्याच्या पुडीला चढण्या-उतरण्याची एक मर्यादा असते. गट्टे ठोकून जास्त ताणली तर पुडी फाटते आणि फाटली की तो कार्यक्रम तिथेच थांबतो. त्याऐवजी आम्हीच खाली उतरलो. पेटीवर मी काळी तीन धरली. काळी एक हा काळी तीनचा पंचम! तबल्याला हातही लावायला लागला नाही आणि तोच तबला एकदम गाण्यात बसला. वर मागच्या बायकांना आवडीची पट्टी मिळाली. आक्का तर अशा काही गायल्या की यजमानांची आई माजघरातून उठून पुढे येऊन बसली.

तेव्हापासून आमचा क्रम ठरला. पूर्वार्धात काळी चारची गाणी, आणि मध्ये चहा झाल्यावर भूपाची, गौळणीची आणि शेवटची भैरवी काळी तीनला. दीड तासाने गळाही थोडा दमलेला असतो, त्याला हे सोयीचं पडतं. पट्टी एकदाच बदलायची, तीही चहाच्या वेळी. गाण्यागणिक बदलत बसलं की मागच्यांचा कान बिथरतो.

पावसाळ्यात एक गोष्ट सांभाळायला लागते. दमट हवेत पुडीचं कातडं सैल पडतं आणि तबला अर्ध्या स्वराने उतरतो. पेटीचे सूर तर पक्के, ती तबल्यासाठी खाली यायची नाही. म्हणून श्रावणात आम्ही अर्धा तास आधी पोचतो. पेटी न वाजवता नुसती भाषणं करत बसलेल्या मंडळाला लोक नावं ठेवतात, ठेवू देत. तबला त्या घरातल्या हवेत थोडा वेळ राहिला की मगच तो लावायचा. मोठा फरक असेल तर गट्टे खाली ठोकायचे, बारीकसारीक असेल तर गजऱ्यावर वरून हलके ठोके. मांडवातल्या मोठ्या दिव्यापाशी तबला ठेवायचा नाही. तिथे तो तापून आपोआप चढतो आणि दिवा बंद झाला की पुन्हा उतरतो.

आता बिदागीकडे येते.

आमच्यातल्या एक वहिनी शिलाईकाम करतात. धृपद धरायला त्यांच्यासारखं माणूस नाही. आवाज मोठा नाही, पण पक्का. शेजारची भरकटली तरी ह्या जागच्या हलत नाहीत. एकदा कार्यक्रमाहून परतताना त्या मला म्हणाल्या, "ताई, मी आता येणार नाही." मला वाटलं, कुणी काही बोललं असेल. पण तसं काही नव्हतं. त्यांनी सरळ हिशेब सांगितला. कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी तीनला निघायचं, रात्री आठला परत. तेवढ्या वेळात त्यांचे दोन ब्लाऊज शिवून होतात. एका साध्या ब्लाऊजचे त्या तेव्हा दीडशे रुपये घ्यायच्या. "म्हणजे मी दर वेळी तीनशे रुपये देऊन भजन म्हणते आणि घरी येताना न शिवलेलं एक ब्लाऊजपीस आणते. देवासाठी देईन हो, पण ज्यांनी केटरिंगवाल्याला, मांडववाल्याला रोख दिले, त्यांच्या घरी का देऊ?"

ह्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तबल्याच्या मुलाला आम्ही मागू तेवढे मिळत होते, कारण तो बाहेरचा आणि पुरुष. आम्ही बायका म्हणजे हौशी. हौसेला कोण पैसे देणार?

मंडळाची बैठक माझ्याच घरी झाली. आक्कांचा कडाडून विरोध. "देवाच्या नावाचे पैसे? माझ्या सासूबाईंनी एवढी वर्षं भजन केलं, एक पैसा घेतला नाही." त्यांचा राग खोटा नव्हता. पण त्यांची मुलं कमावती, घर स्वतःचं. शिलाईवाल्या वहिनींनी काही वाद घातला नाही, त्या गप्प बसून राहिल्या. शेवटी आक्काच म्हणाल्या, "देवळातल्या भजनाचे घ्यायचे नाहीत, एवढं कबूल करा." तिथून मार्ग निघाला. देऊळ, हरिनाम सप्ताह, दिंडी इथे एक रुपयाही नाही, वाट्टेल तेवढा वेळ गाऊ. वास्तुशांती, डोहाळजेवण, बारसं, साठीशांत, घरची सत्यनारायणाची पूजा, दुकानाचं उद्घाटन, इथे बिदागी. दु:खाच्या घरी, दहाव्या-तेराव्याला किंवा वर्षश्राद्धाला बोलावलं तर फक्त गाडीभाडं आणि तबल्याचे पैसे. हे तिसरं कलम आक्कांनी सुचवलेलं आणि ते मला आजही सगळ्यात योग्य वाटतं.

रक्कम ठरवायला मात्र वेळ गेला. लोक काय देतील, ह्यावरून सुरुवात केली की आकडा कमीकमीच होत जातो. आम्ही उलटं केलं. आमचा खर्च किती आणि प्रत्येकीचा वेळ किती, तिथून मोजलं. मध्यंतरी झालेल्या एका वास्तुशांतीचा हिशेब सांगते, म्हणजे कळेल. गाव आमच्यापासून वीसेक किलोमीटरवर, अडीच तासांचा कार्यक्रम, बिदागी ठरली सहा हजार. त्यातून गाडीचे आठशे गेले. तबल्याच्या मुलाला बाराशे. उरले चार हजार. आम्ही सहा जणींनी प्रत्येकी साडेपाचशे घेतले, म्हणजे तेहेतीसशे. राहिलेले सातशे मंडळाच्या डब्यात. ह्या डब्यातून पेटीची दुरुस्ती होते, टाळांच्या दोऱ्या येतात आणि तबल्याची पुडी फाटली तर तिचाही अर्धा खर्च देतो, कारण ती आमच्यासाठी ताणली जाते. पेटी माझी आहे, म्हणून मला जास्त वाटा द्यावा असं एकीने सुचवलं होतं. मी म्हटलं, माझा वाटा वाढवू नका, पेटी दुरुस्तीला मिरजेला न्यायची वेळ आली की डब्यातून खर्च करा. पुढे गाणारीलाही वेगळा वाटा नाही. मोठ्या कलाकारांत तसा असतो आणि असावाही, पण आमच्यासारख्या मंडळात वाटे वेगळे झाले की मंडळंही वेगळी होतात, हे मी आसपास पाहिलंय.

साडेपाचशे म्हणजे शिलाईवाल्या वहिनींच्या दोन ब्लाऊजपेक्षा जास्तच. तो आकडा आम्ही मुद्दाम तिथून काढला होता. त्या मंडळात राहिल्या.

बिदागी सांगायची कधी, हा सगळ्यात महत्त्वाचा भाग. फोन आला की पहिल्याच बोलण्यात. "तुम्ही काय समजून द्याल ते" हे वाक्य मी आता उच्चारत नाही. त्या वाक्याने दोन्ही बाजू अडचणीत येतात. देणाऱ्यालाही कळत नसतं किती द्यावेत, मग तो कमी देतो आणि त्यालाच नंतर वाईट वाटतं. मी चार गोष्टी विचारते. कार्यक्रम कशाचा आहे, किती वाजता सुरू करायचा, माईकची सोय कोण करणार आणि बसायची जागा जमिनीवर आहे की स्टेजवर. मग रक्कम सांगते आणि एक हजार आगाऊ फोनवरच पाठवायला सांगते. हल्ली ते एका मिनिटाचं काम आहे. आगाऊ आले नाहीत तर ती तारीख मी वहीत लिहीत नाही. एका घरी आदल्या रात्री "आमच्या पाहुण्यातलंच मंडळ येतंय" म्हणून आम्हाला नको म्हणाले होते आणि आमची गाडी, तबला सगळं ठरलेलं होतं. त्यानंतर हा नियम आला.

लोक घासाघीस करतात. "भजनाला कसले हो एवढे?" असं विचारणाऱ्याला मी भांडत नाही. एक तासाचा कार्यक्रम करू, चौघीच येऊ, तबल्याऐवजी नुसत्या टाळावर म्हणू, मग निम्म्यात होईल, असं सांगते. टाळ-पेटीवरचं भजन काही कमी गोड नसतं. पण सहा जणी, तबला आणि अडीच तास निम्म्या पैशात, हे नाही. त्यावर काही जण दुसरीकडे जातात. दुसरीकडे फुकट म्हणणारी मंडळं आहेतच आणि त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. मात्र अशा घरीसुद्धा तबलजीला पाकीट मिळतं का, एवढं त्या बायकांनी बघावं.

एक गोष्ट आणखी. रात्री दहानंतर लाऊडस्पीकरला बंदी असते, तेव्हा 'फर्माईश, फर्माईश' म्हणत कार्यक्रम लांबवणाऱ्या यजमानांना मी आधीच सांगून ठेवते की साडेनऊला भैरवी. परत जायला गाडी असते, आणि सकाळी सगळ्यांचे डबे असतात.

आता कुणी विचारेल, कार्यक्रमांवर घर चालतं का? नाही चालत. आषाढी ते कार्तिकी, श्रावण, गणपती, नवरात्र, मार्गशीर्षातले गुरुवार ह्या दिवसांत तारखा येतात, त्यातही देवळातल्या बऱ्याच. पितृपक्षात वास्तुशांत कोण करणार? त्या पंधरवड्यात वही कोरी. महिन्याचा आधार आहे तो क्लासचा. मी मुलांचे आठवड्यातून दोन दिवसांचे पाचशे रुपये घेते, बायकांचे चारशे. फी महिन्याची, तासाची नाही. तासावर ठेवली की पाहुणे आले, सण आला, पाऊस आला, सगळ्याची वजाबाकी होते आणि शेवटी महिन्याला हाती काही उरत नाही. मी आजारी पडले तर तेवढे तास भरून देते. मुलं मार्चमध्ये शाळेच्या परीक्षेसाठी थांबतात आणि त्यातली काही जूनमध्ये परत येत नाहीत, हे गृहीत धरायला लागतं. पालकांचा पहिला प्रश्न असतो, "गांधर्वच्या परीक्षेला बसवणार का?" त्या परीक्षा वर्षातून दोनदा असतात. मी प्रारंभिकला बसवते, पण मुलाला त्याची पट्टी सापडल्यावर. वयात येणाऱ्या मुलग्याचा आवाज फुटत असला तर त्या वर्षी गाण्याची परीक्षा नाहीच. त्याला पेटी किंवा तबला देते. आमचा तबल्याचा मुलगा तसाच तर तबल्याकडे वळला. आवाज फुटला, गाता येईना, म्हणून हात तबल्यावर गेला.

बायकांच्या वर्गातून मंडळाला माणसं मिळतात, हा क्लासचा दुसरा फायदा. कुणाच्या घरी आजारपण, कुणाचं बाळंतपण, सहाच्या सहा जणी दर वेळी मिळत नाहीत. आयत्या वेळी कुणालाही सोबत नेलं तर पट्टीचा प्रश्न पुन्हा उभा. वर्गातल्या दोघी-तिघींना आमची गाणी आमच्याच पट्टीत येतात, भजनी ठेक्यात टाळ कुठे पडतो हे ठाऊक असतं. टाळ हा भजनातला सगळ्यात सोपा समजला जाणारा आणि सगळ्यात जास्त बिघडणारा भाग आहे. टाळ पुढे पळाले की तबलजीला त्यांच्यामागे धावावं लागतं आणि मग अभंगाची आगगाडी होते. बदली आलेल्या बाईलाही तितकाच वाटा, साडेपाचशे. पहिल्यांदा आली म्हणून कमी नाही.

ह्या श्रावणात आमच्या सहा तारखा ठरल्यात, त्यातल्या तीन देवळातल्या. शिलाईवाल्या वहिनींनी एका शनिवारी येत नाही म्हणून कळवलंय. गौरी-गणपतीच्या ब्लाऊजची गर्दी आहे आणि हल्ली त्यांचा दर वाढलाय, त्यामुळे त्या दिवशी भजन परवडत नाही असं हसत म्हणाल्या. त्यांच्या जागी दुपारच्या वर्गातल्या, काळ्यांना भिणाऱ्या त्या वहिनी येतील. त्यांची पट्टी काळी तीन निघाली आहे. उद्या अडीचला त्यांच्याकडून धृपदं बसवून घ्यायची आहेत, आणि संध्याकाळी तबल्याच्या मुलाला फोन करून विचारायचंय की ह्या दमट हवेत पुडी कितपत तग धरते आहे.